दूध सोसत नाही की दुधाची अॅलर्जी?

कोल्हापूरच्या माणसाला दुधाचे वेगळे कौतुक सांगावयास नको. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला तिथेच रिचवायचा, ही आपल्या गावची जुनी रीत. अशा गावात एखाद्या प्रौढ माणसाचे पोट दुधाने फुगू लागले, की त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखे होते. मग कोणीतरी सांगते, "तुम्हाला दुधाची अॅलर्जी आहे." तोच शब्द पुढे दवाखान्याच्या केस पेपरवर चढतो आणि जन्मभर पाठ सोडत नाही. हा शब्द बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का चुकीचा, खरे काय ते कसे ओळखावे आणि कागदावर काय लिहावे, एवढेच या लेखात पाहू.

समजण्यासाठी एक नमुन्याचा रुग्ण घेऊ. वय ४२, रोज सकाळी अर्धा लिटर म्हशीचे दूध पिण्याची सवय. तास-दीड तासाने पोट तट्ट फुगते, गुरगुरते, वारा सरतो, कधी पातळ शौचास होते. दोन वेळचा चहा मात्र चालतो, दही-ताक चालते. अंगावर गांधी नाहीत, ओठ सुजत नाहीत, धाप लागत नाही. केस पेपरवर लिहिले आहे, 'दुधाची अॅलर्जी'.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. १०० मिलिलिटर दुधात ती सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरात सुमारे २५ ग्रॅम भरते. ही साखर फोडण्यासाठी लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचे विकर लागते. तान्हेपणी ते भरपूर असते. पुढे जगातील बहुसंख्य माणसांत ते कमी होत जाते. आपल्या देशात उत्तरेपेक्षा दक्षिणेकडे हे अधिक आढळते. विकर अपुरे पडले, की न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते. तेथील जंतू ती आंबवतात, त्यातून वायू तयार होतो आणि पोट फुगते. यात शरीराची प्रतिकारशक्ती कोठेच येत नाही. त्रास मात्रेवर ठरतो, म्हणूनच चहातले चमचाभर दूध सोसते आणि अर्धा लिटर सोसत नाही.

अॅलर्जीचा मामला अगदी वेगळा. तेथे वैर साखरेशी नसून दुधातील केसीन व इतर प्रथिनांशी असते आणि लढते ती प्रतिकारशक्ती. घोटभर दूधसुद्धा पुरते. काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, छाती घुरघुरते. क्वचित रक्तदाब कोसळून जीवावर बेतते. दही, पनीर हेही चालत नाही, कारण प्रथिने त्यांतही असतात. गाईऐवजी म्हशीचे वा शेळीचे दूध घेऊन सुटका होईल असेही नाही. हा विकार बहुतांशी लहान मुलांचा. मोठेपणी तो नव्याने सुरू होणे विरळाच. नुसते पोट फुगणे हे या अॅलर्जीचे लक्षण मानता येत नाही.

मग आपल्या रुग्णाची श्वासपरीक्षा करावी. माणसाच्या पेशी हायड्रोजन वायू तयार करीत नाहीत. तो आतड्यातील जंतू करतात. तो रक्तात शोषला जाऊन फुफ्फुसांवाटे बाहेर पडतो व तेथे मोजता येतो. तयारी नीट हवी. आधीचे चार आठवडे प्रतिजैविके घेतलेली नसावीत, आठवडाभर रेचके नकोत. आदल्या दिवशी डाळी, उसळी, भाकरी टाळून साधा भात खावा आणि रात्रभर उपाशी राहावे. परीक्षेच्या दिवशी विडी-सिगारेट व व्यायाम वर्ज्य. मात्र ज्याच्यात खऱ्या अॅलर्जीचा संशय आहे, त्याला ही परीक्षा देऊ नये. लॅक्टोजच्या पुडीत दुधाच्या प्रथिनांचा अंश असू शकतो.

प्रथम उपाशीपोटीचा श्वास मोजतात, मग २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देऊन दर अर्ध्या तासाने तीन तास मोजतात. आपल्या रुग्णाचे आकडे असे धरू : सुरुवातीस ४, मग ५, ९, २८, ४६, ५८ आणि ५२ पीपीएम. दोन तासांच्या सुमारास पोट फुगल्याची त्याने तक्रार केली. मूळ आकड्यापेक्षा २० किंवा अधिक पीपीएमची वाढ झाली की परीक्षा होकारार्थी मानतात. येथे दीड तासाला २४ ची वाढ झाली, म्हणजे साखर पचत नाही हे ठरले. त्याच वेळी त्रासही झाला, म्हणून ती सोसतही नाही हे ठरले. या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आकडा वाढला पण त्रास झाला नाही, तर पोटफुगीचे कारण दुसरीकडे शोधावे.

आकडे फसवतातही. सुरुवातीचाच आकडा मोठा असेल, तर पथ्य चुकलेले असते किंवा लहान आतड्यात जंतू माजलेले असतात. काहींचे जंतू हायड्रोजनऐवजी मिथेन करतात. तेथे केवळ हायड्रोजन मोजल्यास निकाल खोटा नकारार्थी येतो. परीक्षेची सोय नसेल, तर दोन आठवडे दूध पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे आणि त्रासाची रोज नोंद ठेवावी. वजन घटणे, शौचातून रक्त, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काही असेल, तर मात्र दुधावर ठपका ठेवून न थांबता पुढील तपास करून घ्यावा.

आता केस पेपरकडे वळू. तेथील 'अॅलर्जी' हा शब्द खोडून असे लिहावे : 'लॅक्टोज सोसत नाही. श्वासपरीक्षा, तारीख अमुक, मात्रा २५ ग्रॅम, मूळ आकडा ४, सर्वाधिक ५८, दोन तासांनी पोटफुगी. अॅलर्जीची लक्षणे कधीही नाहीत.' हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. दम्याच्या काही पावडर इन्हेलरमध्ये आणि स्टेरॉइडच्या काही इंजेक्शनांत दुधापासून काढलेले लॅक्टोज असते. खऱ्या अॅलर्जीच्या रुग्णाला त्यातील प्रथिनांच्या अंशाने अपाय होऊ शकतो, म्हणून त्याच्या कागदावर तो शब्द ठळक हवाच. उलट आपल्या रुग्णाला ही औषधे निर्धास्त देता येतात. गोळ्यांतील चिमूटभर लॅक्टोजने त्याचे काही बिघडत नाही. चुकीच्या शिक्क्यामुळे ऐन धाप लागल्यावर त्याचे योग्य औषध नाकारले जाईल.

आणि आहाराचे काय? दूध कायमचे सोडण्याची गरज नाही. अशी बहुतेक माणसे एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे पाव लिटर दूध, विशेषतः जेवणाबरोबर सहज पचवतात. दह्यातील जंतू साखर फोडण्यास हातभार लावतात. तुपात ती नगण्य असते. बासुंदी, पेढे, खवा मात्र आटवलेल्या दुधाचे, म्हणून थोडक्यातही जड. वैशाख पौर्णिमेच्या खिरीची एक वाटी जेवणासोबत घेण्यास हरकत नाही. तीन वाट्या घेतल्या तर पोट बोलेल. आपल्या घरातील कोणाच्या कागदावर 'दुधाची अॅलर्जी' असे लिहिलेले असेल, तर एवढेच विचारा : गांधी, सूज, धाप कधी आली होती काय? उत्तर 'नाही' असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा जा.