कोटेशन गेलं, उत्तर आलं नाही

सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचं ठरतंय, असा फोन येतो. व्यावसायिक दुसऱ्या दिवशी जातो, गच्ची मोजतो, पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते पाहतो, मीटर-रूमचे फोटो काढतो, बिलांच्या प्रती घेतो. दोन दिवस बसून कोटेशन तयार करतो आणि सेक्रेटरींच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. निळ्या खुणा दिसतात. त्यानंतर मात्र काहीच नाही. आठवडा जातो, दहा दिवस जातात. शेवटी न राहवून तो लिहितो : ‘नमस्कार सर, काही अपडेट?’

या संदेशाला बहुधा उत्तर येत नाही, आणि याचं कारण संदेशातच आहे. उत्तर द्यायचं तर सेक्रेटरींना जुनी पीडीएफ शोधावी लागते, कोणाचं कोटेशन किती रकमेचं होतं ते आठवावं लागतं, चेअरमनना विचारावं लागतं. एका ओळीच्या प्रश्नाने सगळं काम त्यांच्या अंगावर टाकलेलं असतं. साहजिकच ‘संध्याकाळी बघू’ म्हणून फोन खाली ठेवला जातो.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत : पाठपुरावा आणि तगादा. तगादा लावतात तो देणं थकलेल्या माणसाकडे. कोटेशन मागवणारा मात्र कोणाचं काही देणं लागत नाही. त्याने भाव विचारला, एवढंच. म्हणून ‘आपण अजून उत्तर दिलेलं नाही’ अशी सुरुवात त्याला खटकते. दुसऱ्या बाजूला, व्यावसायिकाचाही वेळ गेलेला असतो, शिवाय भाव किती दिवस धरून ठेवायचा हा त्याचा खरा प्रश्न असतो. या दोन्ही गोष्टी एकाच संदेशात सभ्यपणे मावू शकतात. मात्र त्यासाठी आधी समोरची शांतता कशामुळे आहे, ते पाहावं लागतं.

सोसायटीचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा, १० किलोवॉटचा प्रकल्प आहे : लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्या विजेसाठी. कोटेशन जीएसटीसह ५,९८,९५० रुपयांचं, तारीख ३ ऑगस्ट, मुदत १५ दिवसांची. पॅनेलचे भाव हलत असल्यामुळे मुदत एवढीच ठेवलेली. पण सेक्रेटरींच्या बाजूने बघितलं तर १५ दिवसांत फारसं काही होत नाही. एवढ्या रकमेच्या कामाला सहसा तीन कोटेशनं मागवली जातात. त्यांचा तुलनात्मक तक्ता होतो, कमिटीत चर्चा होते आणि मग विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो. महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, आणि आदर्श उपविधींनुसार तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. मध्ये गणपती येतात, पितृपक्ष येतो. व्यावसायिकाला वाटतं गिऱ्हाईक हातचं गेलं. प्रत्यक्षात अजून कोणी निर्णय घ्यायला बसलेलंच नसतं.

यावरून संदेशाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट कळते. तो वाचणारा माणूस आणि निर्णय घेणारी माणसं वेगळी आहेत. सेक्रेटरी संदेश वाचतील आणि जमल्यास तसाच कमिटीच्या ग्रुपवर पुढे पाठवतील. तिथल्या खजिनदारांनी मूळ कोटेशन उघडलेलंही नसेल. म्हणून काम काय, रक्कम किती, मुदत कधीपर्यंत, हे तीन तपशील संदेशातच हवेत, आणि पीडीएफ पुन्हा सोबत जोडायला हवी. ईमेलवर व्यवहार असेल तर नवा मेल न करता जुन्याच मेलला उत्तर द्यावं, म्हणजे कोटेशन खाली दिसत राहतं.

पहिला संदेश तीन-चार दिवसांनी, फक्त पोच विचारण्यापुरता : ‘कोटेशन मिळालं ना? कमिटीपुढे ठेवताना काही खुलासा लागला तर सांगा.’ इथे निर्णय विचारायचा नाही. मुख्य संदेश मुदत संपायच्या तीन-चार दिवस आधीचा, म्हणजे आपल्या उदाहरणात १४ ऑगस्टचा. तो असा लिहिता येईल :

‘नमस्कार सर. आपल्या सोसायटीच्या १० किलोवॉट सोलरचं कोटेशन ३ ऑगस्टला पाठवलं होतं. रक्कम जीएसटीसह ५,९८,९५० रुपये. प्रति सोबत पुन्हा जोडली आहे. हा भाव १८ ऑगस्टपर्यंतचा आहे. विषय सभेपुढे जाणार असेल तर सभेची तारीख कळवा, त्यानुसार मुदत वाढवता येते का ते पाहून सांगतो. सोयीसाठी नुसता आकडा पाठवला तरी चालेल : १. सभेपुढे ठेवणार आहोत. २. अजून कोटेशनं यायची आहेत. ३. सध्या विचार नाही. तिसरं उत्तर असेल तरी नि:संकोच सांगा, म्हणजे पुन्हा त्रास देणार नाही.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. बरेच लोक गप्प राहतात ते नकार तोंडावर सांगणं अवघड वाटतं म्हणून. ज्याने उन्हात गच्ची मोजली त्याला ‘दुसऱ्याला काम दिलं’ कसं सांगायचं, हा संकोच असतो. नकाराला जागा करून दिली की हा संकोच कमी होतो. व्यावसायिकालाही नुसती ‘३’ची नोंद शांततेपेक्षा उपयोगी, कारण त्याला माणसं आणि माल दुसऱ्या कामाकडे वळवता येतात.

अनेक जण इथेच न मागता सूट देऊन बसतात. ‘सर, वीस हजार कमी करतो’ असं लिहिलं की समोरच्याला प्रश्न पडतो, मग आधी का जास्त सांगितले? आणि तो आणखी थांबतो. दुसरी चूक म्हणजे खोटी घाई. ‘आज शेवटचा दिवस’ म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात तोच भाव द्यायचा, असं एकदा झालं की पुढच्या कुठल्याही मुदतीवर सोसायटी विश्वास ठेवत नाही.

खरं कारण असेल तर मात्र ते जरूर कळवावं. २२ सप्टेंबर २०२५पासून सोलर पॅनेलसारख्या उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. संपूर्ण प्रकल्पाच्या कंत्राटात ७० टक्के किंमत मालाची आणि ३० टक्के सेवेची धरून कर लावला जातो. त्यामुळे करापूर्वी ५,५०,००० रुपयांच्या कामाची एकूण रक्कम ६,२५,९०० वरून ५,९८,९५० वर उतरली. ऑगस्टमध्ये कोटेशन देऊन वाट पाहणाऱ्याला ‘तुमची रक्कम २६,९५० रुपयांनी कमी झाली आहे, सुधारित प्रत पाठवतो’ असं लिहिता येत होतं. असा संदेश तगादा वाटत नाही, कारण त्यात वाचणाऱ्याच्या कामाची बातमी असते. अनुदानाचंही तसंच. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक वापराच्या विजेसाठी किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात, म्हणजे इथे १,८०,००० रुपये. कमिटीत हा प्रश्न हमखास येतो. पहिल्या कोटेशनात त्याचा उल्लेख राहिला असेल तर दुसऱ्या संदेशाला तेच सबळ निमित्त होतं.

दुसऱ्या संदेशालाही उत्तर आलं नाही तर काय करायचं? काही जण वैतागून लिहितात : ‘दोन दिवसांत उत्तर न आल्यास ऑर्डर पक्की समजून माल मागवू.’ असं कधीही लिहू नये. याचा निकाल इंग्लंडमध्ये १८६२ सालीच लागला आहे. फेल्टहाउस नावाच्या गृहस्थाला पुतण्याचा घोडा विकत घ्यायचा होता. भावाबद्दल थोडा गैरसमज झाला, तेव्हा काकाने मधला आकडा काढून पत्र लिहिलं : यावर काही कळवलं नाहीस तर तीस पौंड पंधरा शिलिंगला घोडा माझा झाला असं मी धरेन. पुतण्याने उत्तर लिहिलं नाही. घोडा काकालाच द्यायचा हे मात्र त्याच्या मनात होतं, म्हणून त्याने लिलाव करणाऱ्या बिंडलेला तो घोडा बाजूला ठेवायला सांगितलं. बिंडलेने चुकून तो विकला. काकाने बिंडलेवर दावा लावला आणि तो हरला. पुतण्याने मनात होकार दिला असला तरी तो काकाला कळवलेला नव्हता, म्हणून व्यवहारच झाला नव्हता. गप्प बसणं म्हणजे होकार, असं एका बाजूने परस्पर ठरवता येत नाही. हे तत्त्व भारतातही मानलं जातं.

उलट दिशेने मात्र बोलता येतं. भारतीय करार कायदा १८७२च्या सहाव्या कलमानुसार, प्रस्तावात दिलेली मुदत संपली की प्रस्ताव आपोआप संपतो, आणि मुदतच दिली नसेल तर वाजवी काळ उलटल्यावर संपतो. हा वाजवी काळ किती, यावरूनच वाद होतात. म्हणून कोटेशनवर तारीख असणं आणि ती संदेशात पुन्हा येणं, दोन्ही उपयोगाचं. तिसरा आणि शेवटचा संदेश त्यामुळे स्वतः काय करणार आहोत एवढंच सांगतो : ‘आपल्या कोटेशनची मुदत १८ तारखेला संपली. आपल्याकडून निरोप नसल्यामुळे सध्या ही फाइल बंद ठेवतो. पुढे विषय निघाला तर कळवा, गच्चीची मापं आमच्याकडे आहेत, त्या दिवसाच्या भावाने नवं कोटेशन देऊ.’ यात तक्रार नाही, धमकी नाही, आणि जुन्या भावाने काम करण्याचं बंधनही उरत नाही.

एक मर्यादा इथे ओळखायला हवी. काही कोटेशनं फक्त तीनचा आकडा भरायला मागवलेली असतात, काम कोणाला द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. जागा बघायला बोलवलं नाही, एकही प्रश्न विचारला नाही, ‘लेटरहेडवर आजच पाठवा’ एवढाच आग्रह होता, तर बहुधा तोच प्रकार. तिथे कितीही चांगला संदेश लिहिला तरी काम मिळत नाही. पोच विचारणारा एक संदेश पुरे.

आपल्या उदाहरणातल्या सेक्रेटरींचं उत्तर समजा १६ ऑगस्टला आलं : ‘१. सभा २० सप्टेंबरला.’ आता मुदत वाढवायची, पण डोळे झाकून नाही. व्यावसायिक आधी पुरवठादाराला विचारतो, पॅनेलचा भाव तोवर टिकेल का. तो ३१ ऑगस्टपर्यंतचीच खात्री देतो. मग त्याच दिवशी सोसायटीला लिखित कळवायचं : बसवण्याचं काम, सांगाडा आणि वायरिंग यांचा भाव ३० सप्टेंबरपर्यंत कायम, पॅनेलचा भाव सभेच्या चार दिवस आधी, १६ सप्टेंबरला कळवू. तुलनात्मक तक्त्यात हीच नोंद जाईल, आणि १६ तारखेला पुढचा संदेश पाठवायला कोणाला निमित्त शोधावं लागणार नाही.