पिन झालेल्या मोहऱ्यावर दुसरा मार

बुद्धिबळात एखादे मोहरे हलवल्यावर त्याच्या मागचे जास्त मोलाचे मोहरे मारात येत असेल, तर पुढचे मोहरे ‘पिन’ झाले असे म्हणतात. पिन करता येते ती फक्त उंट, हत्ती आणि वजिराला, कारण त्यांचा मार सरळ रेषेत लांबवर जातो. मागे राजा असेल, तर त्याला उघडा पाडणारी खेळी नियमानेच बाद. मागे वजीर असेल, तर मोहरे हलू शकते, पण सहसा वजीर जातो.

नवखा खेळाडू पिन झालेले मोहरे लगेच मारून मोकळा होतो. मुरलेला खेळाडू आधी त्याच घरावर आणखी एक मोहरे रोखतो. मग हिशेब करायचा, मारणारे किती आणि राखणारे किती. मात्र जो राखणदार स्वतःच पिन झाला आहे, त्याच्यावर विसंबता येत नाही.

1858 मध्ये पॅरिसच्या ऑपेरात पॉल मॉर्फी हा अमेरिकन तरुण ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर या जोडीविरुद्ध खेळला. मॉर्फीकडे पांढरी मोहरी होती. त्याच्या बी-5 वरच्या उंटाने डी-7 वरचा काळा घोडा राजासमोर खिळवला होता. दुसरा काळा घोडा एफ-6 वरून त्याला राखत होता, पण जी-5 वरच्या उंटाने तोही वजिरासमोर पिन केलेला. मॉर्फीने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केले आणि एकाच खेळीत हत्ती डी-1 वर आला. काळ्याने राखणीला डी-8 वर हत्ती आणला.

आता मॉर्फीने हत्तीने डी-7 चा घोडा मारला आणि काळ्या हत्तीने तो हत्ती घेतला. वरवर पाहता हा तोट्याचा सौदा. पण डी-7 वर आता काळा हत्तीच पिन झाला, आणि मॉर्फीने उरलेला हत्ती डी-1 वर आणून त्यावर पुन्हा जोर लावला. काळ्याकडे मात्र मदतीला कोणी नव्हते. त्याचा एफ-8 चा उंट आणि एच-8 चा हत्ती डावभर जागचे हललेच नाहीत. काळ्याने वजीर ई-6 वर नेऊन घोडा मोकळा केला. मॉर्फीच्या उंटाने डी-7 चा हत्ती मारला, घोड्याने उंट घेतला. मग मॉर्फीने बी-8 वर वजिराचा बळी देऊन शह दिला. घोड्याला तो मारावाच लागला, डी रांग मोकळी झाली आणि हत्तीने डी-8 वर मात केली.

मागे राजा नसेल, तर पिन करणाऱ्यानेही सावध राहावे. शह देत किंवा मातेची धमकी देत ते मोहरे सुटू शकते, प्रसंगी वजीर सोडूनही. म्हणून पिन दिसली की आधी मागे कोण आहे ते पाहा, आणि मग मारण्याऐवजी आपले रिकामे बसलेले मोहरे त्या घराकडे वळवा. प्यादे नेता आले तर उत्तमच. सर्वांत स्वस्त मार त्याचाच.