उजव्या अंगठ्याचा हिशेब

डोंबिवली पूर्वेला बहिणीचं वन रूम किचन आहे. शेवटच्या लोकलची घोषणाही खिडकीतून ऐकू येते. रात्री अकरानंतर भाचा कंट्रोलर हातात घेऊन कॉम्प्युटरवर अपेक्स लेजंड्स खेळतो, तेव्हा त्याचे आई-बाबा दोन हातांच्या अंतरावर झोपलेले असतात. माइकवर बोलणं शक्यच नाही. शिवाय सोबतचे दोघे कधी चेन्नईचे असतात, कधी सिंगापूरचे. त्याचं सगळं बोलणं एका बटणातून होतं.

ते पिंगचं बटण म्हणजे उजवीकडचं वरचं, आरबी. एकदा टिचकी मारली की ‘इकडे जाऊ’, पटकन दोनदा मारली की ‘इथे शत्रू’. दाबून धरलं तर पडद्याच्या मध्ये व्हील उघडतं. ‘इथे लढतोय’, ‘इकडे लक्ष ठेवतोय’, ‘इथे कोणीतरी येऊन गेलंय’ असे संदेश त्यावर गोलात मांडलेले असतात. उजवी स्टिक त्या दिशेला ढकलायची आणि बटण सोडायचं. सोबतच्या खेळाडूला तो संदेश त्याने निवडलेल्या भाषेत मिळतो. २०१९मध्ये हा खेळ आला, तेव्हा या सोयीची खूप चर्चा झाली. तिचं पेटंट इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२१मध्ये सर्वांना वापरायला मोकळं केलं, कारण ऐकू न येणाऱ्या किंवा बोलू न शकणाऱ्या खेळाडूंना ती फार उपयोगी पडते.

भाच्याची अडचण अशी होती की ऐन चकमकीत दुसरी टिचकी त्याच्या हातून जरा लांबायची. खेळ ते ‘दाबून धरलं’ असं समजायचा आणि व्हील उघडायचं. “मामा, नेम धरतोय आणि बंदूक हलतच नाही!” बंदूक हलणार कशी? नेमही उजव्या स्टिकवर आणि व्हीलमधली निवडही तिच्यावरच. व्हील उघडं असेतो उजवा अंगठा नेमाच्या कामाचा राहत नाही.

म्हणून बटणं बसवताना पहिला प्रश्न हा, की कोणतं बोट मोकळं आहे. दोन्ही अंगठे स्टिकवर अडकलेले असतात, तर्जनी मात्र वरच्या बटणांवर असते. पिंग तिथेच असावं. ते डावीकडच्या बाणांच्या बटणांवर नेलं, तर डावा अंगठा स्टिकवरून उचलावा लागतो आणि तेवढा वेळ पळणं थांबतं.

भाच्याच्या कंट्रोलरला मागे जास्तीच्या पट्ट्या आहेत. कीबोर्डवर ‘इथे शत्रू’साठी F ही वेगळी कळ मिळते. स्टीममध्ये त्या खेळाच्या कंट्रोलर मांडणीत जाऊन आम्ही मागच्या उजव्या पट्टीला F दिली. आता शत्रू दिसला की एकच दाब पुरतो. एका दाबात एकच आज्ञा जाते, हेही महत्त्वाचं. एका दाबात कळांची मालिका पाठवणं अनेक खेळांच्या नियमांत बसत नाही. कीबोर्ड आणि कंट्रोलर असे एकत्र वापरले की काही खेळांत पडद्यावरची बटणांची चित्रं सारखी बदलत राहतात. त्याचा फार त्रास झाला, तर ही जोडणी काढून टाकावी.

व्हील मग शांत क्षणांसाठी उरलं. तिथेही त्याची निवड चुकायची. आठ कप्प्यांच्या व्हीलमध्ये प्रत्येक कप्प्याला ४५ अंश मिळतात, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे जेमतेम साडेबावीस. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अंगठा न बघता जातो. तिरक्या दिशांना घसरतो. नेहमीचे संदेश या चार सरळ दिशांना असावेत. जिथे व्हील आपल्याला भरता येतं, तिथे कप्पे कमी ठेवलेलेच बरे. स्टीमच्या Radial Menu मध्ये आपलं व्हील बनवता येतं. त्यात मी चारच कप्पे ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला ९० अंश मिळतात.

दुसरी चूक सोडण्याच्या क्रमाची. अंगठा आधी सुटला की स्टिक मध्यावर परतते आणि कधी झटक्याने मध्य ओलांडून समोरच्या कप्प्याला शिवते. त्यानंतर बटण सुटलं, तर काहीच जात नाही किंवा भलताच संदेश जातो. आधी बटण सोडायचं, मग स्टिक. भाच्याला हा क्रम अंगवळणी पडायला आठवडा लागला.

एवढं करूनही संदेश चुकत असेल, तर व्हील उघडून अंगठा पूर्ण बाजूला घ्यावा. एखादा कप्पा आपोआप उजळला, तर स्टिक झिजून एका बाजूला ओढते आहे. सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे मधला निष्क्रिय भाग, तो कप्पा विझेपर्यंत थोडा थोडा वाढवावा. फार वाढवला, तर नेमाच्या बारीक हालचाली खेळाला कळतच नाहीत. तशी वेळ आली, तर स्टिकच बदलावी लागते.

काल रात्री भाच्याने पट्टी दाबली, तेव्हा चकमक चालू होती आणि त्याचा नेम जराही हलला नाही. सोबतचा खेळाडू खूण केलेल्या भिंतीकडे लगेच वळला. घरात कोणाची झोप मोडली नाही.