आवाजातली खोली

मराठीत ‘खोली’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि घरात पॉडकास्ट किंवा कथावाचन मुद्रित करणाऱ्यांची फसगत नेमकी त्या दोन अर्थांमध्ये होते. लहान बेडरूममध्ये घेतलेला आवाज गढूळ येतो, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावे तसा. तरीही त्यातले काही कापायला हात धजत नाही, कारण त्या घुमण्यालाच आपण आवाजाचा भारदस्तपणा समजतो. त्या भारदस्तपणातला बराचसा वाटा गळ्याचा नसतो, चार भिंतींचा असतो, असे माझे म्हणणे आहे. इक्वलायझर वापरायचा तो भिंतींचा वाटा ओळखून तेवढाच काढण्यासाठी. चकाकी चढवण्याचे काम त्यानंतरचे, आणि तेही थोडेच.

भिंतींचा वाटा हिशेबात मांडता येतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी मागेपुढे आपटतो आणि काही ठरावीक कंपनसंख्यांना स्वतःच स्वतःला बळ देतो. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला अंतराच्या दुपटीने भागले की यातली पहिली कंपनसंख्या मिळते, आणि तिच्या दुप्पट, तिप्पट अशा पुढच्या. खोली ३ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच आहे असे धरू. लांबीची पहिली कंपनसंख्या ५७ हर्ट्झ, दुसरी ११४; उंचीची पहिली ५९, दुसरी ११८. म्हणजे लांबी आणि उंची जवळपास सारखी असल्यामुळे ११६च्या आसपास दोन फुगवटे एकमेकांवर चढतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारणपणे ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये फिरतो, त्यामुळे हा फुगवटा त्याच्या ऐन वाटेत येतो. त्यातच खुर्ची लांबीच्या मध्यावर असेल तर आणखी पंचाईत, कारण ११४च्या तरंगाचा दाब तिथेच सर्वाधिक असतो. मायक्रोफोन अगदी ओठांशी धरला असेल, तर एका दिशेने ऐकणारे मायक्रोफोन जवळच्या आवाजाचा खर्ज स्वतःही वाढवतात, ती भर निराळीच.

मग गळ्याचे काय आणि भिंतीचे काय, हे ओळखायचे कसे? सगळा युक्तिवाद या प्रश्नावर उभा आहे, आणि त्याचे उत्तर सोपे आहे. गळा आणि तोंड यांचे अनुनाद अक्षरागणिक जागा बदलतात. ‘ई’ आणि ‘ऊ’ म्हणताना पहिला अनुनाद ३०० हर्ट्झच्या जवळपास असतो, ‘आ’ म्हणताना तो ७००च्या आसपास चढतो. खोलीचा अनुनाद मात्र हलत नाही. अक्षर कोणतेही असो, तो त्याच आकड्यावर उभा असतो. म्हणून मुद्रणापूर्वी खालच्या स्वरापासून वरपर्यंत सावकाश ‘ऊ’ घोळवून ते रेकॉर्ड करावे. एका विशिष्ट स्वराला आवाज एकदम फुगला, तर ती खोली. वाचन आधीच होऊन गेले असेल, तर ‘मूल’, ‘पाणी’, ‘शेत’ असे वेगवेगळ्या स्वरांचे शब्द लागोपाठ ऐकावेत. प्रत्येकात तोच गुंजारव सापडला तर तो बोलणाऱ्याचा नव्हे. एक अरुंद पट्टा दहा-बारा डेसिबलने चढवून तो वरखाली फिरवायचा आणि वाईट वाटेल तिथे कापायचे, ही प्रचलित रीत मला पटत नाही. इतके चढवल्यावर निर्दोष आवाजही प्रत्येक जागी वाईटच वाटतो, आणि मग कापायला नको ते कापले जाते.

या खोलीतल्या पुरुष वाचकाच्या आवाजावर काम असे चालेल. ८० हर्ट्झच्या खाली आवाजाचे काही नसते, पंख्याची घरघर आणि टेबलाचे धक्के असतात. ते हाय-पास फिल्टरने काढावे. मग ११६ला अरुंद काप, चार डेसिबल. पुढे २०० ते ३०० हा गढूळपणाचा पट्टा. इथे काप रुंद आणि उथळ हवा, दोन-अडीच डेसिबल पुरे, कारण ‘ई’, ‘ऊ’चा आणि ‘म’, ‘न’च्या नाकातल्या गुंजारवाचा जीव याच भागात आहे. सहा डेसिबल कापले की आवाज टेलिफोनवरचा होतो. डब्याचा गुण बहुधा ३०० ते ६००मध्ये सापडतो. कपाट, टेबल, स्क्रीन यांवरून झटकन परतणारा ध्वनी तो घडवतो. आपल्या उदाहरणात तो ४२०ला उभा आहे असे धरून तिथे मध्यम रुंदीचा तीन-चार डेसिबलचा काप. कंपनसंख्या, प्रमाण आणि रुंदी असे तिन्ही हवे तसे ठरवू देणारा इक्वलायझर जॉर्ज मॅसनबर्ग यांनी १९७२मध्ये शोधनिबंधातून मांडला. तिसऱ्या बटणाशिवाय, म्हणजे रुंदीशिवाय, हे काम जमत नाही.

इथे आक्षेप येतो: शब्द स्पष्ट हवेत, तर सरळ वरचा भाग का चढवू नये? व्यंजनांची ओळख वर आहे, हे खरेच. ‘श’ आणि ‘स’ यांतला फरक, ‘चार’मधला आणि ‘चमचा’मधला ‘च’, यांचा बराचसा भेद २ ते ८ हजार हर्ट्झमध्ये असतो. पण खालचा ध्वनी वरच्याला झाकतो तितका वरचा खालच्याला झाकत नाही, हे वेगेल आणि लेन यांनी १९२४मध्येच मोजून दाखवले होते. गढूळपणा तसाच ठेवून वर सहा डेसिबल चढवले, तर ‘स’ कानाला टोचतो, पार्श्वभूमीची सळसळ वर येते, आणि गढूळपणा आहे तिथेच राहतो. आधी कापले की ३ ते ४ हजारांत दीड-दोन डेसिबलची रुंद वाढ पुरते; १० हजारांच्या वर एखादा डेसिबल, तोही ‘स’ टोचत नसेल तर. तुलना करताना कापलेल्या आवाजाची पातळी मूळ आवाजाइतकी वाढवून घ्यावी. कापल्याने आवाज हळू होतो आणि कानाला मोठा आवाज नेहमी बरा वाटतो. त्यामुळे पातळी जुळवली नाही, तर निवाडा चुकीच्या बाजूने लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुरुस्ती खोलीतच का करू नये? करावी, पण काय हाती लागेल ते ओळखून. भिंतीवर टांगलेली गोधडी ३ हजार हर्ट्झचा ध्वनी शोषते, कारण त्याची लांबी ११-१२ सेंटिमीटरच असते. ११६ हर्ट्झची लांबी जवळपास तीन मीटर आहे. ती शोषायला जाडी किंवा भिंतीपासूनचे अंतर तिच्या चतुर्थांशाच्या, म्हणजे पाऊण मीटरच्या, घरात लागते. म्हणून नुसत्या गोधड्यांनी मढवलेली खोली वरचे खाते, खालचे ठेवते, आणि आवाज कित्येकदा आणखी गढूळ होतो. खुर्ची मध्यावरून हलवणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

इक्वलायझरची मर्यादाही इथेच सांगायला हवी. तो ध्वनीचे प्रमाण बदलतो, त्याचे रेंगाळणे निस्तरत नाही. शब्द संपल्यावर मागे उरणारी शेपटी कापाने हळू होते, पण आखूड होत नाही. टेबलावरून परतलेला ध्वनी मूळ ध्वनीला काही ठिकाणी खोडून टाकतो. ते खड्डे चढवून भरत नाहीत, कारण डोके चार बोटे हलले की खड्डाही हलतो. आणि वर दिलेले आकडे त्या एका खोलीचे, त्या एका खुर्चीचे आहेत. खुर्ची लांबीच्या मध्यावरून पाऊण मीटर सरकवली की ११४च्या तरंगाचा दाब तिथे जवळपास शून्य होतो, आणि कालचा चार डेसिबलचा काप आज काही अंशी गळ्याचाच खर्ज कापू लागतो. तेव्हा बसण्याची जागा बदलली, तर ‘ऊ’ पुन्हा घोळवून पाहावा.