३१ मार्चचा करार, १६ नोव्हेंबरचं पत्र

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे, असं समजू. कोणतं यंत्र कधी बंद पडलं, कोणी दुरुस्त केलं, कोणता भाग बदलला याच्या नोंदींसाठी कारखान्याने पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणीवर घेतलं आहे. ६० युजर, प्रत्येकी वर्षाला ६,००० रुपये. जीएसटी सोडून एकूण ३,६०,००० रुपये. करार ३१ मार्च २०२७ रोजी संपतो. उदाहरण मुद्दाम रचलेलं असलं तरी अशा वर्गणीवर आज असंख्य कारखाने, दवाखाने, शाळा आणि पतसंस्था चालतात. या कंपनीने नूतनीकरणाचा विषय ग्राहकाकडे कधी काढावा?

बहुतेक ठिकाणी तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघतो, तोही प्रोफॉर्मा इन्व्हॉइसच्या रूपाने. त्या वेळी कारखान्याचा लेखाविभाग वर्षअखेरीच्या कामात बुडालेला असतो आणि पुढच्या वर्षाचं बजेट ठरून गेलेलं असतं. दर वाढलेला दिसला की खरेदी विभाग फाइल बाजूला ठेवतो. ३१ मार्च उलटतो, सॉफ्टवेअर बंद करायचं की उधारीवर चालू ठेवायचं हा पेच कंपनीपुढे उभा राहतो, आणि सवलत देऊन कसाबसा सौदा होतो.

यात एक तारीख सगळ्यांच्या नजरेतून सुटते. अशा करारांत बहुधा एक कलम असतं: मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी लेखी कळवलं नाही, तर करार त्याच अटींवर आणखी एका वर्षासाठी आपोआप वाढेल. ३१ मार्चपासून ६० दिवस मागे गेलं की ३० जानेवारी येतो. २०२७ मध्ये त्या दिवशी शनिवार आहे, म्हणजे पाच दिवसांचा आठवडा पाळणाऱ्या कार्यालयासाठी शेवटचा कामाचा दिवस २९ जानेवारी. ग्राहकाच्या दृष्टीने निर्णयाची खरी मुदत हीच. ३१ मार्चला हातात काही उरत नाही.

विकणाऱ्या कंपनीला इथे मोह होऊ शकतो. ३० जानेवारीपर्यंत गप्प बसलं की ६० युजरची वर्गणी आपोआप पक्की. पण कारखान्याला हे फेब्रुवारीत कळतं, तेव्हा पहिलं काम होतं ते पुढच्या वर्षीची नोटीस आजच पाठवून ठेवण्याचं. एक वर्ष मिळतं आणि ग्राहक जातो.

घरगुती ग्राहकांच्या बाबतीत काही देशांनी या मौनावर कायद्यानेच बंदी घातली आहे. फ्रान्समध्ये २००५ साली आलेला शातेल कायदा यासाठी ओळखला जातो. आपोआप वाढणारा करार असेल तर नकार देण्याची मुदत संपण्याच्या जास्तीत जास्त तीन महिने आणि कमीत कमी एक महिना आधी ग्राहकाला कळवणं सेवा देणाऱ्यावर बंधनकारक आहे. कळवलं नाही, तर करार वाढल्यानंतर ग्राहक तो केव्हाही, दंड न भरता संपवू शकतो. हे तीन महिने करार संपण्याच्या तारखेपासून मोजले जात नाहीत. नकाराच्या शेवटच्या दिवसापासून मोजले जातात. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि त्यांतल्या १३ प्रकारांमध्ये वर्गणीच्या सापळ्याचाही समावेश केला. दोन कंपन्यांमधल्या व्यवहारात मात्र मुख्य आधार करारातल्या कलमाचाच असतो. म्हणून वेळेवर विषय काढण्याची जबाबदारी विकणाऱ्याने आपणहून घ्यावी लागते.

आता उलटी मोजणी करू. २९ जानेवारीला निर्णय कागदावर यायचा असेल, तर कारखान्याच्या आत काय काय व्हावं लागतं? देखभाल विभागाच्या प्रमुख आपली गरज लिहून देतात, खरेदी विभाग दर तपासतो, लेखाविभाग बजेटशी ताडतो आणि शेवटी संचालकांची सही होते. या फेरीला चार आठवडे सहज जातात. नाताळ आणि २६ जानेवारीच्या सुट्ट्या वेगळ्या. तेव्हा दोन्ही बाजूंची बोलणी डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपलेली बरी. बैठकीसाठी ३० नोव्हेंबर ते ११ डिसेंबर हे दोन आठवडे सोयीचे ठरतात. त्याच्या दोन आठवडे आधी, सोमवारी १६ नोव्हेंबरला पत्र जायला हवं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे तोवर माणसं सुट्टीवरून परतलेली असतील. करार संपायला तेव्हा साडेचार महिने बाकी असतात. ऐकायला हे लवकर वाटतं, पण हिशेब मांडल्यावर त्यात फारसा मोकळा वेळ उरत नाही.

पत्राआधीची तयारी एका बसणीत होण्यासारखी आहे. मागच्या तीन महिन्यांत ६० पैकी किती जणांनी लॉगिन केलं, हे आधी पाहावं. आपल्या उदाहरणात ते ४३ निघाले. उरलेल्या १७ पैकी काही जण नोकरी सोडून गेले आहेत, काही जण बंद झालेल्या रात्रपाळीतले आहेत. मग सुटलेल्या नसलेल्या तक्रारी पाहाव्यात. यंत्र किती वेळ बंद होतं याचा मासिक अहवाल चुकीची बेरीज दाखवतो, अशी तक्रार ऑगस्टपासून पडून असेल, तर आधी ती सोडवावी, किंवा कोणत्या तारखेपर्यंत सुटेल ते पत्रातच सांगावं. ग्राहक बैठकीत पहिला विषय तोच काढणार असतो. आणि पत्र ज्यांच्या नावाने जाणार, त्या व्यक्ती अजून तिथेच काम करतात का, हे फोन करून विचारून घ्यावं. नूतनीकरणाची कितीतरी पत्रं नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये पडून राहतात.

तयारीतून हाती आलेला ४३ हा आकडा विकणाऱ्याला अडचणीत टाकतो. तो सांगितला तर ग्राहक वर्गणी कमी करणार, आणि लपवला तरी ग्राहकाच्या खरेदी विभागाला तो एका दिवसात सापडणार. म्हणून पर्याय त्या आकड्यावरच बांधणं शहाणपणाचं. पहिला पर्याय म्हणजे आहे तसं पुढे चालू: ६० युजर, एक वर्ष, ७ टक्के वाढीने प्रत्येकी ६,४२० रुपये, एकूण ३,८५,२०० रुपये. दुसरा म्हणजे वापराएवढंच: ४५ युजर, एक वर्ष, तोच नवा दर, एकूण २,८८,९०० रुपये. तिसऱ्यात ४५ युजर, पण तीन वर्षांचा करार आणि दर जुनाच. वर्षाला २,७०,००० रुपये, पैसे दर वर्षी. मध्येच नवी पाळी सुरू झाली तर वाढीव युजर त्याच ६,००० च्या दराने, उरलेल्या महिन्यांपुरते.

कंपनीचं उत्पन्न यात ९०,००० रुपयांनी घटतं, हे खरं. बदल्यात तीन वर्षांची खात्री मिळते आणि न वापरलेल्या १७ लायसन्सवरून पुढच्या वर्षी होणारा वाद टळतो. ग्राहकाच्या बाजूनेही तिसरा पर्याय डोळे झाकून घेण्यासारखा नाही. कारखान्याचा तळेगावला हलण्याचा किंवा समूहाचं दुसरं सॉफ्टवेअर स्वीकारण्याचा विचार असेल, तर तीन वर्षांचं बंधन महाग पडेल. म्हणून मध्येच बाहेर पडण्याची अट काय, हे बैठकीतच विचारून घ्यावं लागतं.

चौथा पर्याय फार थोडे विक्रेते लिहितात: नूतनीकरण नाही. तेव्हा नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील आणि ३१ मार्चनंतर किती दिवस उपलब्ध राहतील, हे आधीच सांगितलं तर उरलेल्या तीन पर्यायांवर ग्राहक मोकळेपणाने बोलतो.

हे सगळं एका पानात मावतं. पत्र साधारण असं असेल:

‘नमस्कार मॅडम, आपल्या कारखान्याच्या देखभाल-नोंदी सॉफ्टवेअरची वर्गणी ३१ मार्च २०२७ रोजी संपते आहे. करारानुसार बदल किंवा नकार कळवण्याची शेवटची तारीख ३० जानेवारी आहे. तोपर्यंत आपल्याला विचाराला पुरेसा वेळ मिळावा म्हणून आताच लिहितो आहे. गेल्या तीन महिन्यांत ६० पैकी ४३ युजर वापरात होते. यादी सोबत जोडली आहे. मासिक अहवालातली बेरजेची चूक दुरुस्त झाली आहे, ती आपण एकदा तपासून पाहावी. पुढच्या वर्षासाठी आहे तसं चालू ठेवणं, युजर कमी करणं, जुन्या दराने तीन वर्षांचा करार करणं किंवा वर्गणी थांबवणं, असे चार पर्याय बोलण्यासारखे आहेत. ३० नोव्हेंबर ते ११ डिसेंबर या काळात ४५ मिनिटं भेटता येईल का? मंगळवार १ डिसेंबर सकाळी ११, गुरुवार ३ डिसेंबर दुपारी ३ किंवा बुधवार ९ डिसेंबर सकाळी ११ या वेळा मी राखून ठेवल्या आहेत. खरेदी विभागातलं कोणी सोबत असल्यास बरं होईल.’

या पत्राला इन्व्हॉइस जोडलेलं नाही, आणि ते मुद्दामच. बिल दिसलं की पत्र थेट खरेदी विभागाकडे जातं आणि सॉफ्टवेअर रोज वापरणारी माणसं चर्चेतून बाहेर पडतात. ‘आपल्या सोयीने कधीही भेटू’ असंही लिहिलेलं नाही, कारण त्यावर उत्तर देण्याची घाई कोणालाच नसते. तीन ठरलेल्या वेळा दिल्या की निदान एकीला हो किंवा नाही म्हणावं लागतं. दर मात्र पत्रात टाकायचे की बैठकीत सांगायचे, यावर विक्रेत्यांमध्ये दोन मतं आहेत. जुन्या, विश्वासाच्या ग्राहकाला आधी आकडे दिले तर बैठक नेमकी होते. दरवाढ मोठी असेल तर तिचं कारण समोरासमोर सांगितलेलं बरं, पण ते पहिल्याच भेटीत.

आठवडाभर उत्तर आलं नाही तर एक फोन, आणि त्यानंतर त्याच विभागातल्या दुसऱ्या व्यक्तीला पत्राची प्रत. काही खुणा मात्र उशीर करू देत नाहीत: लॉगिन झपाट्याने उतरत असतील, नेहमी बोलणारी व्यक्ती अचानक दुसऱ्याकडे बोट दाखवू लागली असेल, किंवा सगळ्या नोंदी एकदम एक्सेलमध्ये कशा काढायच्या अशी चौकशी आली असेल, तर दुसऱ्या कोणाशी तरी बोलणी सुरू आहेत असं धरून चालावं. अशा वेळी सवलतीचा आकडा पुढे करण्याआधी काय अडलं आहे, ते विचारावं. उत्तर अनेकदा दराशी संबंधित नसतं.

बैठक झाली की त्याच दिवशी चार-पाच ओळींत ठरलेलं लिहून पाठवावं: कोणता पर्याय विचारात आहे, कोणाची मंजुरी बाकी आहे, अंतिम दरपत्रक कोणत्या तारखेला येईल. तोंडी ‘बघू, करू’वर जानेवारी निघून जातो आणि ते आपोआप वाढीचं कलम लागू होतं.

विक्रेत्याकडून असं पत्र येईलच, याची खात्री ग्राहकाने धरू नये. आपल्या संस्थेत वर्गणीवर चालणारं जे काही आहे, मग ते सॉफ्टवेअर असो की लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार, त्याचा कागद आजच काढून नोटिशीचं कलम वाचावं आणि मुदतीच्या तारखेऐवजी नकाराची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.