फिल्टर काढलेला चेहरा

डेटिंग अ‍ॅपवरच्या फोटोला लावलेला सौंदर्य-फिल्टर आधी डोळे, नाक, ओठ आणि जबडा यांच्या कडा शोधतो आणि चेहऱ्यावर बिंदूंची एक जाळी बसवतो. मग तो त्वचेवरचे उजेड-सावलीचे बारीक फरक पुसतो, रंग उजळवतो आणि जाळीतले काही बिंदू सरकवून नाक अरुंद, जबडा रेखीव करतो. मुरूम कोणता आणि जन्मभराची खूण कोणती, हे त्याला कळत नाही. त्यामुळे मुरमाबरोबर तीळही जातो आणि जुन्या जखमेचा व्रणही.

असा फोटो लावणाऱ्याला आपण काही लपवतो आहोत असे सहसा वाटत नाही. जेफ्री हँकॉक, कॅटलिना टोमा आणि निकोल एलिसन या संशोधकांनी २००७ साली न्यूयॉर्कमधल्या ८० जणांची उंची, वजन आणि वय त्यांच्या प्रोफाइलशी ताडून पाहिले. १० पैकी साधारण ८ जणांनी किमान एक गोष्ट बदलून लिहिली होती, पण बहुतेकांनी ती थोडीशीच बदलली होती. पुढे प्रत्यक्ष भेट व्हायची असेल, तर फार मोठी थाप पचत नाही. फोटोंचे मात्र निराळेच दिसले. हँकॉक आणि टोमा यांच्या २००९ सालच्या अभ्यासात लोकांना आपले फोटो बऱ्यापैकी खरे वाटत होते, पण त्रयस्थ परीक्षकांना त्यांतले सुमारे एक तृतीयांश फोटो खरे वाटले नाहीत. उंचीचा आकडा आपण वाढवला, हे माणसाला माहीत असते. फोटोतला फरक त्याच्या स्वतःच्याच नजरेतून सुटतो.

ही गोष्ट एका कल्पित उदाहरणावरून समजून घेता येईल. पुण्यात नोकरी करणारा २७ वर्षांचा एक तरुण आहे. लहानपणी सायकलवरून पडल्याने त्याच्या हनुवटीवर आडवा व्रण राहिला आहे. प्रोफाइलवरच्या त्याच्या चारही फोटोंत तो दिसत नाही. दोन मुली त्याला भेटायला येतात. दोघीही कॅफेच्या दारात क्षणभर थबकतात, हातातल्या फोनकडे बघतात आणि मग त्याच्या टेबलाशी येतात. गप्पा बऱ्या होतात, पण दुसरी भेट होत नाही. त्याचे कारण केवळ फोटो असेल असे नाही. तरी फोन आणि चेहरा यांच्यात फिरणारी ती नजर त्याच्या लक्षात राहते.

तो फिल्टर काढतो, तर हातात फोन धरून काढलेल्या सेल्फीत नाक बेढब दिसते. हा दोष नाकाचा नव्हे, अंतराचा असतो. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या हिशोबाप्रमाणे, १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्के जास्त दिसते. कॅमेरा फार जवळ असला, की चेहऱ्याचा पुढे आलेला भाग फुगतो. अशा फोटोला कंटाळून पुष्कळजण फिल्टरकडे वळतात, म्हणजे एका विकृतीवर दुसरी चढवतात. तो तरुण मित्राला पाच-सहा फुटांवर उभे करून सकाळी गच्चीवर नवे फोटो काढून घेतो. नाक मूळच्या मापात येते आणि व्रणही स्पष्ट दिसतो.

पूर्वीपेक्षा कमी जणी त्याला पसंत करतात. त्यांतलीच एक मुलगी पहिल्याच संदेशात विचारते, "हनुवटीला काय लागलं होतं?" तो सायकलची गोष्ट लिहितो; ती तिच्या गुडघ्यावरच्या टाक्यांची सांगते. आठवड्याने गुडलक चौकात ती रस्त्यापलीकडूनच हात करते. जवळ आल्यावर तो विचारतो, "एवढ्या गर्दीत ओळखलंस कसं?" "फोटोत दिसतोस तसाच तर आहेस," ती म्हणते. ओळख पटवण्यात वेळ जात नाही, आणि फोनवर अर्धवट राहिलेले बोलणे चहा सांगण्याआधीच पुढे सुरू होते.

फिल्टर लावलेला फोटो बारकाईने पाहिल्यास ओळखू येतो. चेहऱ्यामागची दाराची चौकट किंवा फरशीची रेघ गालाजवळ वाकलेली असते. चेहरा आणि मान यांचे रंग जुळत नाहीत. दाढीचे खुंट वेगवेगळे न दिसता एकसारखा करडा पट्टा दिसतो. अ‍ॅपवरच्या पडताळणीच्या खुणेवर याबाबतीत फार विसंबता येत नाही. ती खूण फोटोतली व्यक्ती आणि खाते वापरणारी व्यक्ती एकच असल्याचे सांगते. फोटो किती घासूनपुसून घेतला आहे, हे सांगत नाही.

फिल्टर काढल्याने मने जुळतीलच असे नाही. स्वभाव, अपेक्षा, घरची परिस्थिती फोटोत कधीच नसतात, आणि फिल्टर नसलेला पाच वर्षांपूर्वीचा फोटोही तितकाच चकवतो. चालू वर्षातला, दिवसाच्या उजेडात पाच फुटांवरून काढलेला फोटो एवढेच साधतो, की येणारी व्यक्ती ज्याला भेटायला निघाली, तोच तिला भेटतो.