एकवीस ओळींच्या झाल्या चार

रमजानच्या आधी आमच्या ओळखीच्या एका कुर्तेवाल्या भाईंनी इन्स्टाग्रामवर पठाणी कुर्ता टाकला. रंग सहा, साइज चार. प्रत्येक रंगाची प्रत्येक साइज भावासकट वेगळी लिहिल्याने एकवीस ओळी झाल्या. तरी गिऱ्हाइकांचा सवाल तोच : "अस्मानीत ४४ आहे का?" इन्स्टाग्रामवर मजकुराची सुरुवात तेवढी दिसते, बाकीचा दाबल्यावर उघडतो. तिथवर जातो कोण?

आम्ही भाईंबरोबर बसून मजकूर असा केला :

सुती पठाणी कुर्ता, ६ रंग, साइज ३८ ते ४४, सर्व ६५० रु.
१ पांढरा, २ मोतिया, ३ अस्मानी, ४ मेंदी, ५ राखाडी, ६ काळा
साइज ४४ फक्त १, २ व ६ मध्ये
ऑर्डर : रंगाचा नंबर आणि साइज, जसे ३–४२

सर्वांना सारखे ते एकदाच लिहिले, अपवाद तेवढा वेगळा काढला. फोटो याच क्रमाने लावून कोपऱ्यात तोच नंबर घातला, कारण मोबाइलवर पांढरा आणि मोतिया सारखेच दिसतात. मापांचा तक्ता शेवटच्या फोटोत गेला. ३८ ही अंगाची छाती की शिवलेल्या कुर्त्याची, हे मात्र तिथे लिहिलेच पाहिजे. कुर्ता अंगापेक्षा सैल असतो; इथे घोळ झाला की माल परत येतो.

एखादा रंग संपला तर मजकूर दुरुस्त करून त्यापुढे 'संपला' लिहावे. नंबर पुन्हा लावू नयेत, नाहीतर कालच्या ऑर्डरीतला ३ आज मेंदी निघतो.